५० ओहमच्या अलीकडे आणि पलीकडे : प्रस्तावना

एका करंट सोर्सच्या दोन टोकांमध्ये रेझिस्टर, कॉइल आणि कपॅसिटर असे तिन्ही घटक समांतर जोडले आहेत. कपॅसिटरवर चार्ज नाही, कॉइलमधून करंट वाहत नाही. t = 0 या क्षणी सोर्स चालू होतो आणि त्यानंतर कायम २० मिलिअँपिअर देत राहतो. पुढे काय होईल?

शेवट सांगणे सोपे आहे. सगळे शांत झाल्यावर कॉइल म्हणजे नुसती तार. तिच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज उरत नाही, म्हणून रेझिस्टरमधून काही वाहत नाही आणि कपॅसिटरही रिकामा असतो. पूर्ण २० मिलिअँपिअर कॉइलमधून जातात. रेझिस्टर ४० ओहमचा असो वा ५०० ओहमचा, या शेवटात काही फरक पडत नाही. फरक पडतो तो तिथवर पोहोचण्याच्या वाटेत. करंट संथपणे चढत जाऊन २० वर टेकेल, की २० ओलांडून पुढे जाईल, मागे येईल, पुन्हा पुढे जाईल आणि असा हेलकावत स्थिरावेल? ट्रान्झियंट अ‍ॅनालिसिस हा विषय या मधल्या वाटेचा आहे. या पुस्तकाचे दार मी याच सर्किटापासून उघडले आहे, कारण इथे तो प्रश्न एका बेरजेत आणि एका तुलनेत मावतो.

बेरीज आधी पाहू. सोर्सचा करंट तीन वाटांनी जातो, आणि तिन्ही घटकांवर व्होल्टेज एकच असते. त्याला v म्हणू, आणि कॉइलमधल्या करंटला i. मग

C·dv/dt + v/R + i = I

कॉइलसाठी v = L·di/dt. हे वर घातले आणि LC ने भागले की एकच समीकरण उरते:

d²i/dt² + (1/RC)·di/dt + (1/LC)·i = I/LC

इथे i हा कॉइलचा करंट घेतला, v घेतले नाही, त्याला कारण आहे. v चा शेवट शून्य आहे आणि i चा शेवट I आहे. सोर्सने ढकललेली गोष्ट अखेरीस कुठे जाऊन राहते हे i मध्ये दिसते. v मध्ये फक्त मधली खळबळ दिसते. शिवाय i सापडला की v साठी फक्त त्याचा बदलाचा दर काढून L ने गुणायचे असते.

समीकरण सोडवण्याआधी पहिल्या क्षणापाशी थोडे थांबू या. सोर्स चालू होताच कॉइल करंट घेत नाही, कारण तिचा करंट एकदम बदलू शकत नाही. कपॅसिटरचे व्होल्टेजही एकदम बदलत नाही. ते शून्यच आहे, म्हणून रेझिस्टरलाही काही मिळत नाही. पूर्ण २० मिलिअँपिअर कपॅसिटरमध्ये जातात आणि व्होल्टेज I/C या दराने चढू लागते. या दरात R कुठेच नाही. डॅम्पिंगची सगळी चर्चा ज्या रेझिस्टरभोवती फिरते, तो पहिल्या क्षणी पूर्ण गप्प असतो. म्हणून ऑसिलोस्कोपवर आलेखाची नुसती सुरुवात पाहून सर्किट कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखता येत नाही. सगळे आलेख एकाच बिंदूतून, एकाच उताराने निघतात. व्होल्टेज उभे राहिले की रेझिस्टर ऊर्जा खाऊ लागतो आणि मगच वाटा वेगळ्या होतात.

आता तुलना. वरच्या समीकरणातून दोन राशी निघतात. एक डॅम्पिंगची, α = 1/(2RC). दुसरी नैसर्गिक आंदोलनाची, ω0 = 1/√(LC). समीकरणाची मुळे अशी:

s = −α ± √(α² − ω0²)

वर्गमुळाखालची संख्या धन असेल तर दोन वेगळी वास्तव मुळे मिळतात आणि करंट हेलकावे न घेता स्थिरावतो. याला ओव्हरडॅम्प्ड म्हणतात. ती ऋण असेल तर मुळे संमिश्र होतात आणि करंट आंदोलने घेतो. हा अंडरडॅम्प्ड प्रकार. ती बरोबर शून्य असेल तर क्रिटिकली डॅम्प्ड. α आणि ω0 सारखे असण्याची अट R साठी लिहिली तर मिळते:

R = ½·√(L/C)

बस, एवढेच तपासायचे. रेझिस्टर यापेक्षा लहान असेल तर ओव्हरडॅम्प्ड, मोठा असेल तर अंडरडॅम्प्ड. सोर्सचा करंट किती आहे याचा या निर्णयाशी संबंध नाही. २० च्या जागी २ मिलिअँपिअर घेतले तर आलेखाची उंची दहापट कमी होईल, आकार तोच राहील.

या प्रस्तावनेपुरती एक जोडी धरून चालू: L = १० मिलिहेन्री, C = १ मायक्रोफॅरड. मग ω0 दर सेकंदाला १०,००० रेडियन येतो, √(L/C) येतो १०० ओहम, आणि सीमारेषा ५० ओहमवर पडते.

इथे मला जरा रेंगाळायचे आहे, कारण नेमकी याच जागी विद्यार्थ्याची पकड सुटते. एकसर जोडणीत नियम उलटा आहे. तिथे रोध मोठा झाला की डॅम्पिंग वाढते आणि सीमारेषा 2·√(L/C) वर असते. या दोहोंत इतिहासाने आधी एकसर जोडणी पाहिली. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५३ मध्ये चार्ज झालेला कंडक्टर तारेतून रिकामा होताना आंदोलने कधी होतील याचे गणित मांडले, आणि ते एकसर सर्किटाचे गणित आहे. शिकवतानाही बहुधा तेच आधी येते, मनात तेच रुतून बसते आणि समांतर सर्किट समोर आले तरी हात α = R/(2L) लिहून मोकळा होतो. आपल्या आकड्यांत ही चूक केली तर ४० ओहमला α फक्त २,००० येतो आणि सर्किट अंडरडॅम्प्ड वाटते. ५०० ओहमला तो २५,००० येतो आणि ओव्हरडॅम्प्ड वाटते. दोन्ही उत्तरे नेमकी उलटी. १०० ओहमला मात्र दोन्ही सूत्रांतून α ५,०००च येतो. म्हणजे चुकीच्या सूत्राने बरोबर उत्तर मिळते आणि चूक लपून राहते, हे जास्त वाईट.

यावर पाठांतराचा उपाय नको. रेझिस्टर काढून टाकला तर काय होईल एवढे विचारावे. समांतर जोडणीत रेझिस्टर काढणे म्हणजे R अनंत करणे. मागे राहतात कॉइल आणि कपॅसिटर, आणि ते ऊर्जा एकमेकांकडे फेकत राहतात, कारण ती खाणारे कुणी नाही. म्हणून R मोठा तर डॅम्पिंग कमी, हे निघालेच पाहिजे. समांतर रेझिस्टर v²/R या दराने ऊर्जा खातो; व्होल्टेज तेवढेच असताना R लहान म्हणजे खाणे जास्त. एकसर जोडणीत तो i²R या दराने खातो, म्हणून तिथे R मोठा म्हणजे खाणे जास्त. लिहिलेले सूत्र या कसोटीला उतरत नसेल तर ते दुसऱ्या सर्किटाचे आहे.

समांतर जोडणीचा हा नियम केवळ वर्गातला नाही. विद्युत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला तो स्विचगिअरच्या अभ्यासात पुन्हा भेटतो. सर्किट ब्रेकरने दोषाचा करंट तोडला की यंत्रणेतले इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स मिळून ब्रेकरच्या संपर्कांवर उसळते व्होल्टेज उभे करतात. ते फार वेगाने चढले तर विझलेली ठिणगी पुन्हा पेटू शकते. म्हणून संपर्कांना समांतर रेझिस्टर जोडतात आणि तो ½·√(L/C) पेक्षा मोठा नसेल तर व्होल्टेजचे हेलकावे होत नाहीत. आकडे वेगळे, सीमारेषा तीच.

आता आपल्या जोडीत R = ४० ओहम घालू. ५० पेक्षा लहान, म्हणजे ओव्हरडॅम्प्ड. α = १२,५००; वर्गमूळ ७,५०० येते; मुळे −५,००० आणि −२०,०००. उत्तराचा साचा असा:

i = 20 + A1·e^(−5000t) + A2·e^(−20000t) मिलिअँपिअर

दोन स्थिरांकांसाठी दोन अटी लागतात. पहिली, t = 0 ला i शून्य. इथे साच्यातले २० विसरून A1 + A2 = 0 लिहिण्याची चूक सर्रास होते. ती केली की दोन्ही स्थिरांक शून्य येतात आणि करंट पहिल्या क्षणापासूनच २० आहे असे विधान तयार होते. कॉइलचा करंट उडी मारत नाही, एवढे आठवले तरी ही चूक पकडता येते. खरी अट A1 + A2 = −20. दुसरी अट v = L·di/dt मधून येते: पहिल्या क्षणी v शून्य, म्हणून i च्या बदलाचा दरही शून्य. यातून A1 = −26.67 आणि A2 = 6.67 मिळतात. दुसरे पद झपाट्याने विरते आणि पुढचा सगळा प्रवास −५,००० या संथ मुळाच्या गतीने होतो. अंतिम मूल्याच्या २ टक्के जवळ पोहोचायला सुमारे ०.८४ मिलिसेकंद लागतात. ओव्हरडॅम्प्ड सर्किट मंद का वाटते, ते इथे कळते: दोन मुळांपैकी घाईचे मूळ लवकर बाजूला होते, आणि वेळ ठरवायला संथ मूळ मागे राहते.

R = ६२.५ ओहम घेतला तर सीमारेषेच्या पलीकडे गेलो. α = ८,००० आणि आंदोलनाची कोनीय वारंवारता √(१०,०००² − ८,०००²), म्हणजे ६,०००. त्याच दोन अटी लावल्यावर:

i = 20 − e^(−8000t)·(20·cos 6000t + 26.67·sin 6000t)

करंट २० ओलांडतो, पण किती? ओलांडण्याचे प्रमाण e^(−πα/ωd) असते. ωd म्हणजे हेच ६,०००. उत्तर १.५ टक्के. शिखर २०.३ मिलिअँपिअरवर. डोळ्यांना ते जेमतेम दिसेल.

आता R थेट ५०० ओहम. α फक्त १,०००. ωd जवळजवळ ω0 इतकाच, ९,९५०. पहिले शिखर ३४.६ मिलिअँपिअरवर पोहोचते. सोर्स २० देत असताना कॉइलमध्ये ३४.६ कुठून आले, हा प्रश्न विचारावा असाच आहे. शिखराच्या क्षणी i चा बदलाचा दर शून्य, म्हणून v शून्य, म्हणून रेझिस्टरमध्येही काही नाही. उरलेले १४.६ मिलिअँपिअर कपॅसिटर देतो. त्याचे व्होल्टेज त्या क्षणी शून्य असले तरी ते धनाकडून ऋणाकडे उतरत असते आणि उतरणारे व्होल्टेज म्हणजेच बाहेर येणारा करंट. सुरुवातीला सोर्सने कपॅसिटरमध्ये साठवलेली ऊर्जा आता कॉइलमध्ये आली आहे. रेझिस्टर एवढा मोठा आहे की वाटेत त्याने तिच्यातली थोडीच खाल्ली.

आणि बरोबर ५० ओहमला? दोन्ही मुळे −१०,००० वर एकत्र येतात आणि उत्तरात t ने गुणलेले एक पद येते:

i = 20 − 20·(1 + 10000t)·e^(−10000t)

या तिसऱ्या प्रकाराला पुस्तकांत फार मान आहे आणि मला वाटते तो थोडा वाजवीपेक्षा जास्त आहे. गणितात त्याचे सूत्र वेगळे दिसते, पण सर्किटात तिथे काही वेगळे घडत नाही. ४९.९९ ओहम घेऊन ओव्हरडॅम्प्ड सूत्राने गणित करून पाहा. मुळे −९,८०२ आणि −१०,२०२ येतात. स्थिरांक येतात सुमारे −५१० आणि +४९०. वीस मिलिअँपिअरच्या सर्किटात पाचशेचे स्थिरांक! त्यांची वजाबाकी होऊन जो वक्र उरतो तो ५० ओहमच्या वक्रापेक्षा डोळ्यांना वेगळा काढता येत नाही. म्हणून मुळे फार जवळ आली असताना कॅल्क्युलेटरवर स्थिरांकांचे आकडे लवकर कापू नयेत. दोन मोठ्या, जवळपास सारख्या संख्यांच्या वजाबाकीत उरलेसुरले अंकच उत्तर असतात.

प्रत्यक्षात तर ५० ओहम ही एक रेषा नसून पट्टा आहे. कपॅसिटर लेबलापेक्षा १० टक्क्यांनी कमी भरला तर सीमारेषा ५२.७ ओहमवर सरकते. कॉइल १० टक्क्यांनी कमी भरली तर ४७.४ वर. बाजारातून आणलेल्या घटकांनी नेमके क्रिटिकल सर्किट बांधता येत नाही आणि त्याची गरजही नसते, कारण सीमेच्या आसपास आलेख फार हळू बदलतो. हेलकावे न घेता सर्वांत लवकर पोहोचणारे सर्किट क्रिटिकल हे खरे. पण २ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे चालणार असेल तर ५० ओहमला ०.५८ मिलिसेकंद लागतात आणि ६२.५ ओहमला फक्त ०.३८. त्याचे दीड टक्क्याचे ओलांडणे त्या मर्यादेच्या आतच राहते. म्हणून सर्वांत जलद कोण, या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी किती चूक चालेल हे विचारावे लागते.

कागदावरचे हे सर्किट टेबलावर आणले की दोन गोष्टी आड येतात, आणि दोन्ही डॅम्पिंगचा निर्णय फिरवू शकतात. पहिली सोर्सची. प्रयोगशाळेत करंट सोर्स क्वचितच हाताशी असतो, असतो तो फंक्शन जनरेटर, आणि त्याचा आउटपुट रोध बहुधा ५० ओहम. असा जनरेटर थेट जोडला तर नॉर्टनच्या प्रमेयानुसार तो करंट सोर्स आणि त्याला समांतर ५० ओहम असा वागतो. म्हणजे आपण लावलेल्या ५०० ओहमला ५० ओहम समांतर आले आणि सर्किटाला दिसणारा रोध झाला ४५.५ ओहम. त्याचा α ११,०००. ज्या सर्किटात पाच-सहा ठळक हेलकावे दिसायला हवे होते ते ओव्हरडॅम्प्ड होऊन बसते. पडद्यावर आंदोलन नाही म्हणून विद्यार्थी कॉइल बदलतो, कपॅसिटर बदलतो. दोष दोघांचाही नसतो. जनरेटर आणि सर्किट यांच्यामध्ये एकसर १० किलोओहम घातला की करंट घटतो, पण सर्किटाला दिसणारा रोध सुमारे ४७६ ओहम होतो आणि आंदोलने परत येतात. R म्हणजे रेझिस्टरवर छापलेला आकडा नव्हे. कॉइल आणि कपॅसिटर यांना बाहेर पाहिल्यावर जेवढा एकूण रोध दिसतो तो R.

दुसरी गोष्ट कॉइलची. ती तारेची असते आणि तारेला स्वतःचा रोध असतो. तो r धरला तर समीकरणात 1/RC च्या जागी 1/RC + r/L येते, आणि 1/LC च्या जागी (1 + r/R)/LC. त्या एका कॉइलपुरते सर्किट थोडे समांतर, थोडे एकसर झाले. r = २० ओहम घेऊन ५०० ओहमचे उदाहरण पुन्हा करू, सोर्स आदर्शच मानून. α होता १,०००, तो झाला २,०००, दुप्पट. ωd बरोबर १०,००० येतो. अंतिम करंट १९.२३ मिलिअँपिअर, पहिले शिखर २९.५ वर. आधी काढलेल्या ३४.६ पेक्षा हे बरेच खाली आहे. मोठ्या R साठी समांतर रेझिस्टर इतके कमी खातो की कॉइलची तार त्याच्या बरोबरीने खाऊ लागते. R आणखी वाढवला तर एका मर्यादेपुढे आंदोलने लांबत नाहीत, कारण आता त्यांना विझवणारी तारच आहे.

हे घडते आहे हे ओळखायचे कसे? व्होल्टेजच्या आलेखाचा शेवट पाहावा. आदर्श सर्किटात तो शून्यावर टेकतो. इथे तो ०.३८ व्होल्टवर थांबतो. मग लागोपाठच्या दोन वरच्या शिखरांची उंची मोजावी, शून्यापासून नव्हे, त्या स्थिर पातळीपासून. करंटच्या आलेखात ती १०.२६ आणि २.९२ मिलिअँपिअर मिळेल. व्होल्टेजच्या शिखरांचे गुणोत्तरही तेवढेच. त्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम १.२५७, दोन शिखरांतला काळ ०.६२८ मिलिसेकंद. एकाला दुसऱ्याने भागले की α = २,०००. त्याच्या दुपटीतून, म्हणजे ४,००० मधून, 1/RC चे २,००० वजा करावेत. उरलेले २,००० हे r/L, आणि L १० मिलिहेन्री असल्याने r = २० ओहम. मग कॉइल सोडवून मल्टिमीटरवर मोजावी. आकडा जुळला तर ऊर्जा खाणारी सगळी ठिकाणे सापडली. मल्टिमीटरने १४ ओहमच दाखवले तर उरलेले ६ ओहम तारेत नाहीत. कॉइलला लोखंडी किंवा फेराइटचा गाभा असेल तर ते बहुधा तिथे आहेत. गाभ्याचा ऱ्हास बदलत्या करंटलाच लागतो, आणि मल्टिमीटर स्थिर करंटाने मोजतो.